दिवा बेतायचा तो जुलैसाठी

कोकणातल्या वाडीवरचा सोलर पथदिवा मे महिन्यात रात्रभर जळतो. जून संपता संपता तो पहाटेच विझू लागतो आणि जुलैच्या मध्यावर रात्री अकरालाच डोळे मिटतो. पायवाटेवर फुरसं निघायचे दिवस नेमके तेच असतात. ग्रामपंचायतीत तक्रार होते, ठेकेदार ‘बॅटरी लहान पडली’ असं सांगतो, मोठी बॅटरी बसते आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच घडतं. अशा वेळी बॅटरी बहुधा निर्दोष असते. चूक झालेली असते दिवा बेततानाच्या हिशेबात, आणि हा हिशेब चौथीतल्या गणितापलीकडचा नाही.

रत्नागिरीजवळच्या एखाद्या वाडीवरचा एक खांब घेऊ. त्यावर १२ वॅटचा एलईडी दिवा, ७५ वॅटचं पॅनेल आणि १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी आहे. पाच मीटर उंचीवरून वाडीची वाट उजळायला १२ वॅट पुरतात. दिवा चालवणाऱ्या सर्किटमध्ये थोडी वीज जाते, म्हणून बॅटरीतून प्रत्यक्षात साडेतेरा वॅट ओढले जातात. जुलैची रात्र अकरा तासांची. म्हणजे रात्रभराचा खर्च सुमारे १५० वॅट-तास. (घरच्या बिलातलं एक युनिट म्हणजे असे १००० वॅट-तास.)

आता जमेची बाजू. पॅनेलवरचे ७५ वॅट हे प्रयोगशाळेतल्या भर उन्हातले. दिवसभराचं कमीजास्त ऊन गोळा करून तसं भर ऊन किती तास पडलं असतं, हा आकडा काढतात. मे महिन्यात कोकणात तो सहाच्या वर असतो, जुलैत सरासरी साडेतीनच्या आसपास उतरतो आणि झड लागली की एखाद्या दिवशी जेमतेम एक. त्यातही सगळं बॅटरीत पोचत नाही. स्वस्त, पीडब्ल्यूएम प्रकारच्या कंट्रोलरमध्ये पॅनेलला आपल्या सोयीच्या १८ व्होल्टवर काम करता येत नाही. त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टपर्यंत खाली यावं लागतं आणि चौथा हिस्सा वीज तिथेच हरवते. धूळ, शेवाळ, तारा यांचा वाटा वजा केला की १०० पैकी ६५ हाती लागतात. जुलैतली सरासरी कमाई मग ७५ गुणिले साडेतीन गुणिले ०.६५, म्हणजे सुमारे १७० वॅट-तास.

खर्च १५०, कमाई १७०. भागलं असं वाटेल, पण खरी परीक्षा झडीनंतर असते.

विक्रेता सांगतो, ‘तीन दिवसांचा बॅकअप आहे.’ तो १२.८ ला ३० ने गुणतो, ३८४ वॅट-तास काढतो, १२ वॅटने भागतो आणि ३२ तास म्हणजे तीन रात्री असं दाखवतो. पण बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते. वीस टक्के राखून ठेवले की वापरायला ३०० उरतात, आणि दर रात्री १५० जातात. म्हणजे पॅनेलकडून काहीच आलं नाही तर दोनच रात्री. झडीतही पॅनेल दिवसाला ५० वॅट-तास देतं, त्यामुळे रोजची तूट १०० ची होते आणि दिवा तिसऱ्या रात्रीपर्यंत तग धरतो.

त्यानंतर उघडीप मिळाली, रोज सरासरी ऊन पडू लागलं. बॅटरीत ३०० भरायचे आहेत आणि रोजची शिल्लक आहे २०. पुन्हा पूर्ण भरायला पंधरा दिवस! कोकणातला जुलै पंधरा दिवस कुणासाठी थांबत नाही. पुढची झड येते तेव्हा बॅटरी अर्धीही भरलेली नसते आणि दिवा पहिल्याच रात्री जातो. इथे दुप्पट मोठी बॅटरी बसवून काय होईल? पहिल्या झडीत दिवा जास्त रात्री टिकेल, पण एकदा रिकामी झाली की तीच बॅटरी भरायला महिना लागेल. पागोळी तेवढीच ठेवून खाली मोठं पिंप ठेवण्यासारखं आहे हे. टेंडरमध्ये बॅकअपचे दिवस विचारतात आणि बॅटरी किती दिवसांत पुन्हा भरेल हे विचारत नाहीत, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

पॅनेल वाढवणं हा एक उपाय. दुसरा जवळजवळ फुकट आहे: रात्री दिवा मंद करणं. पहिले पाच तास पूर्ण उजेड, मग पहाटेपर्यंत निम्मा. खर्च १५० वरून १०८ वर येतो. झडीतली तूट ५८ वर येते, म्हणून बॅटरी पाच रात्री पुरते. उघडिपीतली शिल्लक २० ऐवजी ६२ होते आणि बॅटरी पंधराऐवजी पाच दिवसांत भरते. मध्यरात्रीनंतर निम्मा उजेड वाटसरूला पुरतो, अंधार मात्र पुरत नाही. उलट ‘उजेड जास्त हवा’ म्हणून याच संचावर २० वॅटचा दिवा चढवला, तर रात्रीचा खर्च २४० च्या पुढे जातो आणि जुलैची कमाई १७० वरच राहते. तो दिवा विझणारच.

पैसे वाचवायला ४० वॅटचं पॅनेल लावलं तर? मे महिन्यात ते रोज दीडशेच्या वर कमावतं, म्हणून पाहणीला आलेल्या माणसाला दिवा रात्रभर जळताना दिसतो. जुलैत तेच ९१ वर येतं. मंद दिव्याचाही खर्च १०८, म्हणजे बॅटरी कितीही मोठी असली तरी ती रिकामी व्हायचीच. हे संच उन्हाळ्यात तपासून घेतले जातात, म्हणून फसगत लक्षात येत नाही.

आकडे नीट बसले तरी झाडाकडे बघायला हवं. पॅनेलमधले सेल साखळीसारखे जोडलेले असतात. माडाच्या एकाच झावळीची सावली चार-दोन सेलवर पडली तरी कमाई निम्म्यावर येऊ शकते. खांब दुपारी नव्हे, सकाळी नऊला आणि संध्याकाळी चारला सावली बघून रोवावा. पॅनेलला दक्षिणेकडे दहा ते पंधरा अंशांचा उतार पुरे. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो आणि ढगाळ उजेड सगळ्या आकाशातून येतो, त्यामुळे जास्त उतार पावसाळ्यात तोट्याचा. अगदी सपाटही ठेवू नये, पाणी आणि शेवाळ साचतं.

बिल देण्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने एक चाचणी घ्यावी. दोन-तीन दिवस कडक ऊन मिळाल्यावर, मंद करण्याची सोय बंद ठेवून पॅनेलवर जाड ताडपत्री टाका. बहुतेक कंट्रोलर पॅनेलच्या व्होल्टेजवरून रात्र ओळखतात, त्यामुळे दिवा भरदिवसा लागेल. घड्याळ लावा. वर सांगितलेला संच खरा असेल तर दिवा २२ तासांच्या आसपास जळेल. वीस तासांच्या आत विझला, तर कागदावरची बॅटरी खांबावर नाही. ताडपत्री टाकण्याआधी पॅनेलच्या मागची पट्टी वाचून वॅट वहीत लिहून घ्या, आणि जुलैच्या साडेतीन तासांनी गुणून बघितल्याशिवाय सही करू नका.