वाकड्या तळ्याचे क्षेत्रफळ

गावातल्या तळ्याचा काठ कुठे फुगलेला, कुठे आत शिरलेला असतो. लांबी-रुंदीचा गुणाकार तिथे चालत नाही. मोजणीदार मग तळ्याच्या लांबीला समांतर, काठावर एक सरळ रेषा आखतो आणि तिच्यावर सारख्या अंतराने खुणा करतो. प्रत्येक खुणेपासून काटकोनात जवळच्या व पलीकडच्या काठापर्यंतचे अंतर मोजायचे. दोन्हींतला फरक म्हणजे त्या जागची रुंदी.

समजा, 60 मीटर लांब तळ्यात दर 10 मीटरवर रुंदी अशी मिळाली: 0, 14, 22, 26, 24, 16, 0.

समलंब नियम प्रत्येक पट्टीचा काठ सरळ मानतो. पहिल्या व शेवटच्या रुंदीची निम्मी बेरीज, अधिक मधल्या सर्व रुंदी, गुणिले 10. उत्तर 1020 चौरस मीटर.

थॉमस सिम्प्सनच्या नावाने ओळखला जाणारा अन्वस्त नियम दोन-दोन पट्ट्यांवरून वक्ररेषा नेतो. टोकांच्या रुंदी एकपट, दुसरी, चौथी, सहावी चौपट, तिसरी, पाचवी दुप्पट, बेरीज 316. तिला 10 ने गुणून 3 ने भागले की सुमारे 1053.

फरक 33 चौरस मीटरचा. काठ बाहेर फुगलेला असल्याने सरळ रेषांनी तेवढी कड कापली.

अन्वस्त नियमाला पट्ट्या सम संख्येत लागतात. एक उरलीच, तर ती समलंब नियमाने मोजून मिळवावी. दोन खुणांमधला खाचखळगा मात्र कोणत्याच नियमाला दिसत नाही. शंका असेल तर दर 5 मीटरवर पुन्हा मोजावे. उत्तर फारसे हलले नाही, तर त्यावर भरवसा ठेवता येतो.