‘आता ठीक आहे’ एवढं पुरत नाही

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणी झाली की माझ्याकडे पत्रं यायला लागतात. बहुतेकांचा मजकूर सारखाच असतो. २१ किलोमीटर पळायचंय, अमुक वेळेत संपवायचंय, गुडघ्याला जुना त्रास होता पण आता ठीक आहे, सकाळी पाच ते सहा मोकळा आहे, आराखडा द्या. एवढ्यावर आराखडा देता येतो, पण तो कुणालाही चालेल असा असतो आणि म्हणून कुणाच्याच कामाचा नसतो.

एका पत्राचं उदाहरण घेतो. लिहिणारे पुण्यातले औषधविक्रेते, वय ४१. त्यांचं लक्ष्य होतं सातारची स्पर्धा अडीच तासांच्या आत. हाताशी सोळा आठवडे. मी त्यांना सगळ्यात अलीकडे मोजून पळालेलं अंतर आणि लागलेला वेळ विचारला. दहा किलोमीटर, ६२ मिनिटं. धावपटूंमध्ये प्रचलित असलेल्या रिगेलच्या सूत्राने यावरून सपाट रस्त्यावरच्या २१ किलोमीटरचा अंदाज निघतो सुमारे दोन तास सतरा मिनिटं. तोही लांब पल्ल्याचा पुरेसा सराव झाला असेल तर. सातारचा रस्ता मात्र सपाट नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. म्हणजे त्यांचं लक्ष्य अशक्य नव्हतं, पण हातात फार मोकळीकही नव्हती. लक्ष्याशेजारी असा एखादा मोजलेला आकडा असला की प्रशिक्षकाला सुरुवात कुठून करायची ते कळतं. नुसती इच्छा कळवली तर तो अंदाजाने वेग ठरवतो, आणि अंदाज चुकला की भोगावं लागतं पायांना.

खरी गोष्ट दुखापतीच्या परिच्छेदात होती. ‘उजव्या गुडघ्याला मागे त्रास होता, आता ठीक आहे. डावा घोटा सहा वर्षांपूर्वी क्रिकेट खेळताना मुरगळला होता, तोही बरा आहे.’ मी त्यांना लिहिलं की दुखण्याचं नाव नको, त्याची वागणूक सांगा. कुठे दुखायचं, एका बोटाने दाखवता येईल का? किती अंतरानंतर सुरू व्हायचं? चढताना की उतरताना? थांबल्यावर किती वेळाने जायचं? आणि ते बरं झालं, की तुम्ही ते काम करायचंच सोडलंत?

दुसरं पत्र आलं ते असं: ‘सर, मागच्या वर्षी बोपदेव घाट उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचल्यासारखं व्हायचं. चालायला लागलो की थांबायचं. चढताना कधीच नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाचा जिना उतरताना जाणवायचं. सूज नव्हती. त्यानंतर मी घाटात गेलोच नाही, त्यामुळे दुखलंही नाही.’

शेवटचं वाक्य पत्रातलं सगळ्यात मोलाचं. गुडघा बरा झालेला नव्हता, त्याची परीक्षाच थांबली होती. कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत एक चिवट पट्टा जातो, त्याला आयटी बँड म्हणतात. गुडघा थोडासा वाकलेल्या स्थितीत वारंवार भार आला की बाहेरच्या बाजूला, या पट्ट्याखाली, दुखायला लागतं. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा वेग रोखावा लागतो आणि नेमका तिथेच ताण वाढतो. ठरावीक अंतरानंतर सुरू होणारं, उतारावर वाढणारं, चालल्यावर शमणारं दुखणं बहुधा याच जातीचं असतं. निदान मात्र डॉक्टरांचं किंवा फिजिओथेरपिस्टचं काम. गुडघा सुजत असता, अडकत असता, पाय मध्येच दगा देत असता, रात्री झोपेतही ठणकत असता, तर मी आराखडा लिहायलाच घेतला नसता.

घोट्यासाठी मी घरी करायची एक सोपी चाचणी सांगितली. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं आणि टाच वर-खाली करत राहायची. उजव्या पायावर २४ वेळा जमलं, डाव्यावर १३. मुरगळलेला घोटा दुखायचा थांबतो, पण गेलेली ताकद आपोआप परत येत नाही. डावा पाय कमी काम करत असल्याने उजव्या गुडघ्यावर जास्त भार येत असेल, ही शक्यता आहे. पत्रावरून खात्री देता येत नाही, म्हणून मागून काढलेला पळतानाचा छोटा व्हिडिओ मागवला.

याच पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ होती: ‘लांब पळायच्या आधी एक पेनकिलर घेतो, दुकानातच असते.’ ही सवय मी त्याच दिवशी बंद करायला सांगितली. घाम जाऊन शरीर कोरडं पडत असताना यांतली अनेक औषधं मूत्रपिंडावर ताण आणतात. शिवाय गुडघा जे सांगू पाहतो ते ऐकूच येत नाही. रक्तदाब, मधुमेह, चालू औषधं, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला का, पळताना छातीत कधी जड वाटलं का, हेही मी विचारतोच. छातीबद्दल होकार आला तर आधी डॉक्टर, मग बूट.

वेळापत्रकात त्यांनी मोकळे तास लिहिले होते, झोप लिहिली नव्हती. विचारल्यावर चित्र बदललं. दुकान रात्री साडेदहाला बंद, झोपायला बारा, म्हणजे पाचला उठलं की जेमतेम पाच तास झोप. दिवसभर काउंटरमागे उभं राहणं. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मदतनीस असल्याने ते लवकर घरी येत. म्हणजे जरा कष्टाचा सराव बुधवारी आणि शुक्रवारीच ठेवायला हवा होता.

त्यांचं पळणं आठवड्याला २० किलोमीटर होतं: एकदा पाच, आणि रविवारी एकदम पंधरा. पहिल्या तीन आठवड्यांत मी एकही किलोमीटर वाढवला नाही, फक्त वाटणी बदलली. सोमवारी तीन, बुधवारी पाच, शुक्रवारी चार, रविवारी आठ. बुधवारी आणि शुक्रवारी पळून झाल्यावर वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम: पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं, कुशीवर पडून पाय वर उचलणं, आणि डाव्या टाचेची मोजणी. चौथ्या आठवड्यापासून शुक्रवारी टेकडी. चढ पळत, उतार आधी चालत, मग शेवटचे दोनशे मीटर पळत, मग दर आठवड्याला थोडं अधिक. उतारावर लांब ढांगा टाकायच्या नाहीत, पावलं लहान आणि लगबगीची ठेवायची. त्याने गुडघ्यावरचा भार कमी होतो.

अडीच तासांचा आकडा मी खोडला नाही, पण त्याचा निर्णय दहाव्या आठवड्यावर ठेवला. तोवर सलग तीन किलोमीटर उतार न दुखता पळता आला, तर वेळेसाठी पळायचं. नाहीतर सातारला चढ आपल्या गतीने चढायचा आणि उतरताना घड्याळ बघायचं नाही.

दर पंधरा दिवसांनी त्यांनी चार ओळी लिहून पाठवायच्या, एवढं ठरलं. झोपेचे तास, दोन्ही टाचांची मोजणी, उतार किती पळाला, आणि दुखणं दहापैकी किती. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जाणवत नसेल तर सराव पुढे चालू. त्याहून जास्त असेल तर पुढच्या आठवड्यातला उतार रद्द, आणि दोनदा लागोपाठ तसं झालं तर फिजिओथेरपिस्टकडे.