आठवा बोर्ड कुठून आला?

हॉल 15 फूट बाय 11 फूट, म्हणजे 165 चौरस फूट. जिप्सम बोर्ड बाजारात सर्रास मिळतो तो 6 बाय 4 फुटांचा, म्हणजे 24 चौरस फुटांचा. 165 ला 24 ने भागलं की 6.88 येतं, तेव्हा सात बोर्ड पुरायला हवेत. मिस्त्रीच्या यादीत मात्र आठ लिहिलेले असतात आणि तिथेच घरमालकाच्या मनात पाल चुकचुकते. मिस्त्री बहुतेक वेळा खरा असतो. फॉल्स सीलिंगचं बिल चौरस फुटावर होतं, पण सामान चौरस फुटावर ठरत नाही. ते ठरतं खोलीची लांबी-रुंदी कशी आहे आणि छतातले लोखंडी चॅनल कोणत्या दिशेने जाणार आहेत, यावर. म्हणून हाच हॉल घेऊन पूर्ण हिशेब मांडून बघू.

आधी वर काय काय असतं ते खालून वर बघू. भिंतीला चारही बाजूंनी एक पन्हाळीसारखी पट्टी ठोकलेली असते, तो पेरिमीटर चॅनल. बोर्ड ज्याला स्क्रूने पकडतात तो सीलिंग सेक्शन. त्याला कारागीर नुसतं ‘सेक्शन’ म्हणतात. सेक्शनच्या वर, त्याला आडवा जातो इंटरमीडिएट चॅनल, आणि दोघांना बांधून ठेवते ती तारेची कनेक्टिंग क्लिप. इंटरमीडिएटला स्लॅबपासून लटकवून धरणाऱ्या पातळ पत्र्याच्या पट्टीला अँगल म्हणतात. अँगलचं वरचं टोक क्लीट नावाच्या छोट्या काटकोनी तुकड्याला बोल्टने जोडतात आणि क्लीट फास्टनरने स्लॅबला बसवतात. हे सगळे चॅनल गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे असतात आणि साधारण 12 फुटी लांबीत मिळतात. हा 12 चा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा निम्मा हिशेब त्याच्याभोवती फिरतो.

दुसरा आकडा 18 इंचांचा. दोन सेक्शनच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर इतकं ठेवायचं असतं. कंपन्यांच्या पत्रकात ते 457 मिलिमीटर असं छापलेलं दिसतं. हे अंतर कुणाच्या लहरीने ठरलेलं नाही. बोर्डची लांबी 6 फूट, म्हणजे 72 इंच, आणि 72 मध्ये 18 नेमके चार वेळा जातात. बोर्डची लांब बाजू सेक्शनला आडवी ठेवली की त्याचं शेवटचं टोक आपोआप सेक्शनच्या मधोमध येऊन टेकतं आणि पुढचा बोर्ड तिथूनच सुरू होतो. बोर्ड उलटा, म्हणजे 4 फुटांची बाजू आडवी ठेवली, तर 48 इंचांत 18 चा भाग पूर्ण जात नाही. मग टोक हवेत लटकतं आणि पुढेमागे त्या जागी तडा दिसतो.

आता आपल्या हॉलमध्ये सेक्शन कोणत्या दिशेने टाकायचे? 11 फुटांच्या दिशेने. 12 फुटी सेक्शनमधून 11 फुटांचा एक अखंड तुकडा निघतो, फूटभर वाया जातो, पण मधे जोड येत नाही. 15 फुटांच्या दिशेने टाकले असते तर प्रत्येक ओळीत जोड द्यावा लागला असता. आता 15 फुटांत दीड-दीड फुटांचे दहा गाळे पडतात. दोन्ही टोकांना भिंतीचा पेरिमीटर आहेच, म्हणून मधे सेक्शन लागतात नऊ. नऊ सेक्शन, नऊ लांब्या.

आता बोर्ड. ते 15 फुटांच्या दिशेने लांब पसरणार. पहिल्या ओळीत 6, 6 आणि 3 फूट. दुसरी ओळ मुद्दाम 3 फुटांच्या तुकड्याने सुरू करायची, मग 6 आणि 6. विटांच्या भिंतीत जसे सांधे एकाखाली एक येऊ देत नाहीत, तसंच हे. पहिल्या ओळीचे सांधे 6 आणि 12 फुटांवर, दुसरीचे 3 आणि 9 फुटांवर पडतात आणि हे चारही आकडे दीड फुटाच्या पटीत आहेत, म्हणजे प्रत्येक सांध्याखाली सेक्शन आहे. एका बोर्डचे दोन अर्धे तुकडे दोन ओळींत वापरले, तेव्हा या 8 फूट रुंदीला बरोबर पाच बोर्ड लागले. काहीही वाया गेलं नाही.

उरली 3 फूट रुंदीची तिसरी ओळ. तिच्यासाठी दोन बोर्ड 4 फुटांवरून 3 फुटांवर कापायचे आणि शेवटच्या 3 बाय 3 च्या चौकोनासाठी आणखी एक बोर्ड फोडायचा. पाच आणि तीन, आठ.

आता कुणी चिकित्सक माणूस म्हणेल, कापलेल्या दोन बोर्डांतून फूटभर रुंद आणि 6 फूट लांब अशा दोन पट्ट्या उरल्या की! त्यातल्या तीन तुकड्यांत तो 3 बाय 3 चा चौकोन भरून निघतो. क्षेत्रफळाने खरंच निघतो आणि सात बोर्डांत काम भागतं. पण बोर्डच्या लांब कडा कारखान्यातच किंचित उतरत्या केलेल्या असतात, कागदात गुंडाळलेल्या असतात. दोन उतरत्या कडा शेजारी आल्या की तिथे उथळ खाच तयार होते. त्या खाचेत जॉइंटिंग कंपाउंड आणि कागदी टेप बसते आणि वरून सगळं सपाट दिसतं. करवतीने किंवा कटरने कापलेल्या कडेला हा उतार नसतो. पट्ट्यापट्ट्यांनी भरलेल्या चौकोनात असे सांधे गर्दी करतात, टेपमुळे तिथे उंचवटा येतो आणि पुढे तडे जातात. तिसऱ्या ओळीतसुद्धा चांगला कारागीर कापलेली कड भिंतीकडे ढकलतो आणि उतरती कड दुसऱ्या ओळीला भिडवतो. एका बोर्डच्या पैशांसाठी हॉलच्या कोपऱ्यात ठिगळ लावून घ्यायचं की नाही, हे घरमालकाने ठरवावं. मी तरी आठवा बोर्ड आणीन.

खोली नशिबाने 12 बाय 12 असेल तर सहा बोर्डांत काम होतं आणि तुकडासुद्धा उरत नाही. पण बिल्डरच्या नकाशातली 12 फुटांची खोली प्रत्यक्षात 12 फूट 2 इंच निघू शकते. मग 12 फुटी सेक्शन तोकडा पडतो आणि चौथ्या ओळीला दोन इंचांची पट्टी लावायची वेळ येते. अशी पट्टी टिकत नाही, म्हणून पहिली ओळच अरुंद करून शेवटची ओळ फूटभर तरी रुंद ठेवावी लागते. तेव्हा माप नकाशावरून घेऊ नका. ज्या उंचीवर सीलिंग येणार आहे तिथे टेप लावून, भिंतीच्या दोन्ही टोकांना घ्या.

बाकीचं सामान आता पटकन निघतं. हॉलची परिमिती 52 फूट, म्हणून पेरिमीटर चॅनलच्या पाच लांब्या. इंटरमीडिएट सेक्शनला आडवे, म्हणजे 15 फुटांच्या दिशेने जातात आणि त्यांच्यातलं अंतर 4 फुटांपेक्षा जास्त नको. 11 फुटांचे तीन भाग केले तर प्रत्येक भाग 3 फूट 8 इंचांचा होतो, म्हणून दोन ओळी पुरतात. प्रत्येक ओळ 12 फुटांची एक लांबी आणि जोडाला सहा इंच धरून साडेतीन फुटांचा तुकडा. दोन्ही तुकडे तिसऱ्या लांबीतून निघतात, म्हणजे एकूण तीन. दोन ओळी नऊ सेक्शनना जिथे छेदतात, तिथे प्रत्येकी एक, अशा 18 क्लिपा.

लटकवायच्या अँगलमध्येही चारच फुटांचा नियम आहे, पण सेक्शनची टोकं पेरिमीटरमध्ये बसतात तशी इंटरमीडिएटची टोकं भिंतीवर टेकत नाहीत. म्हणून पहिला अँगल भिंतीपासून फूटभरातच हवा. दोन्हीकडून फूट-फूट सोडला की मधले 13 फूट चार गाळ्यांत विभागतात आणि एका ओळीला पाच अँगल लागतात. दोन ओळींना दहा अँगल, दहा क्लीट, दहा फास्टनर. छत नऊ इंच खाली आणायचं असेल तर एका 12 फुटी अँगलमधून हे दहाही तुकडे निघतात. 12.5 मिलिमीटर जाडीच्या बोर्डचं वजन दर चौरस मीटरला साधारण आठ-नऊ किलो असतं. हॉलचे बोर्डच सव्वाशे किलोच्या पुढे जातात, वर चॅनलचं वजन वेगळं. पंखा आणि जड झुंबर म्हणूनच स्लॅबच्या हुकलाच टांगायचं असतं, या सांगाड्याला कधीच नाही.

स्क्रूंचा हिशेब लांबीवर करायचा. बोर्ड पकडायला 25 मिलिमीटरचे काळे ड्रायवॉल स्क्रू, साधारण नऊ-नऊ इंचांवर. नऊ सेक्शनचे 99 फूट आणि परिमितीचे 52, मिळून 151 फूट, म्हणजे सुमारे 200 स्क्रू. शिवाय जिथे दोन बोर्ड एकाच सेक्शनवर भेटतात तिथे दोघांना स्वतंत्र रांग लागते. अशी जागा आपल्या मांडणीत 22 फूट आहे, तिचे तीसेक स्क्रू. तुटफूट धरून पावणेतीनशे मागवा. पत्र्याला पत्रा जोडायचे आखूड स्क्रू वेगळे.

स्क्रूची संख्या बरोबर असूनही काम बिघडतं ते स्क्रू बसवण्याच्या रीतीने. डोकं कागदाच्या पातळीखाली जेमतेम बुडायला हवं, पण कागद फाटता कामा नये. जिप्समचा गाभा ठिसूळ असतो आणि बोर्डची पकड त्याच्या कागदात असते. ड्रिल जोरात दाबलं की डोकं कागद फोडून आत जातं, स्क्रू मोजायला दिसतो पण धरत काहीच नाही. अशा ठिकाणी शेजारी दोन इंचांवर दुसरा स्क्रू मारायचा, फाटलेल्यावर नुसती पुट्टी फिरवायची नाही.

सांगाडा पूर्ण झाला आणि बोर्ड चढायचे आहेत, तो दिवस तपासणीचा. टेप घेऊन सेक्शनमधलं अंतर मोजा. 18 इंचांऐवजी 24 केलेलं असेल तर आपल्या हॉलमध्ये नऊच्या जागी सातच सेक्शन बसलेले असतील आणि सहा फुटी बोर्डचं टोक तेव्हाही बरोबर सेक्शनवरच येईल, कारण 72 ला 24 नेही भाग जातो. त्यामुळे दिसायला काही चुकलेलं वाटत नाही. मधला बोर्ड मात्र थोडा झोल खातो, आणि तो रात्री भिंतीलगतच्या लपवलेल्या लाइटचा तिरपा उजेड छतावरून सरकू लागला की दिसतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात, दमट हवेत तर हा झोल आणखी वाढतो. बाथरूममध्ये म्हणूनच साधा बोर्ड चालत नाही, ओलावा सोसणारा वेगळा बोर्ड मागावा लागतो.

अँगलच्या जागी नुसती तार दिसली तर तेव्हाच थांबवा. आणि लाइटची भोकं कुठे पडणार ते सेक्शनचे फोटो बघून ठरवा: दर दीड फुटाला सेक्शन असल्यामुळे भोक दोन सेक्शनच्या बरोबर मधे धरायचं, म्हणजे आपल्या हॉलमध्ये भिंतीपासून पावणेचार फूट, सव्वापाच फूट, पावणेसात फूट असं. चार फूट चार इंचांवर भोक आखलं, तर कटर सरळ सेक्शनवर जाऊन अडकेल.