कळसूने घातलेली अट

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर एका कामकरी मुलीच्या नावाने ओळखले जाते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, हे शाळेच्या पुस्तकात असते. मात्र कळसू कोण होती आणि ती एवढ्या उंचावर का गेली, हे समजून घ्यायचे तर अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या सीमेवरच्या एखाद्या गावात, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, आजीच्या अंथरुणाशी बसावे लागते. हा महादेव कोळी आणि ठाकर लोकांचा मुलूख. भात, नागली आणि वरई ही इथली पिके. दिवसभर शेतात आणि रानात राबलेल्या घराला गोष्टीसाठी सवड मिळते ती रात्रीच.

गोष्ट साधारण अशी सांगितली जाते.

“एक पोरगी होती, कळसू नावाची. आपल्याच कोळ्याची. रानात हिंडायची तिला भारी हौस. हिंडता हिंडता एक दिवस ती डोंगराच्या पायथ्याला इंदोऱ्याला आली. तिथं एका कोळ्याच्या घरी म्हणाली, मला कामाला ठेवा. घरधनी म्हणाला, राहा. तेव्हा पोरीनं अट घातली. म्हणाली, सांगाल ते काम करीन, पण भांडी घासायला सांगायचं नाही आणि केर काढायला सांगायचं नाही. घरधनी म्हणाला, बरं. पोरगी राहिली. कामाला वाघीण. कुणाला बोलायला जागा ठेवली नाही तिनं. मग एक दिवस घरातलं कुणीतरी म्हणालं, एवढी भांडी घास गं, आणि तो केरही काढून टाक. पोरीनं भांडी घासली. केर काढला. आणि तशीच उठून डोंगर चढून गेली, ती वरच राहिली.”

गोष्ट इथे संपते. गोष्ट चालू असताना ऐकणाऱ्याने मधून मधून ‘हूं’ म्हणत राहायचे, ही रीत सगळीकडे आहे. हुंकार थांबला की सांगणाऱ्याला कळते, पोरे झोपली. पण कळसूची गोष्ट लहान आहे. झोप येण्याआधीच ती संपते आणि मग मुलांचे प्रश्न सुरू होतात. मग ती खाली आलीच नाही? घरच्यांनी बोलावले नाही? वर ती काय खायची? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक आजी आपापल्या परीने देते. गोष्ट दरवेळी थोडी बदलते ती याच ठिकाणी. सांगाडा मात्र तोच राहतो.

हा सांगाडा सव्वाशेहून अधिक वर्षे टिकल्याचा लेखी पुरावा आहे. इंग्रजांनी १८८०च्या दशकात मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियर छापली. त्यांत या डोंगराच्या माहितीत कळसूची कथा मोजक्या वाक्यांत नोंदलेली आहे: रानात हिंडण्याची आवड असलेली कोळी मुलगी, इंदोऱ्यातली चाकरी, भांडी आणि केर यांची अट, अट मोडणे आणि शिखरावर जाऊन मरेपर्यंत तिथेच राहणे. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला ती जागा काळदरा, हेही त्या नोंदीत येते.

या दोन जागांची नावे फार मोलाची आहेत. दिवेलागणीला सांगायच्या कहाण्या ‘आटपाट नगरा’त घडतात. ते नगर कुठे आहे असे कुणी विचारत नाही, विचारायचेही नसते. शेवटी साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपते आणि सगळ्यांचे भले होते. डोंगराच्या बाईची दंतकथा या कुळातली नाही. ती ‘आपल्या’ गावात घडते, ‘आपल्या’ माणसाच्या घरी घडते आणि तिचा पुरावा सकाळी उठून दाखवता येतो. रात्री ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी गुरांमागे जाताना पोराला पायाखाली सापडते. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१६ साली दंतकथांचा संग्रह काढला तेव्हा त्यांनी परीकथा आणि दंतकथा यांच्यात हाच भेद केला होता: परीकथेत कल्पना अधिक, तर दंतकथा ठावठिकाणा धरून चालते. कळसूच्या गोष्टीतून थाळेमेळ आणि काळदरा काढून टाकले, तर ती कुठल्याही डोंगराला चिकटवता येईल अशी कथा उरते.

आता त्या अटीकडे नीट पाहू. कळसूने काम टाळलेले नाही. शेतातले, रानातले, पाण्याचे, जळणाचे सगळे काम तिला चालते. तिला दोनच गोष्टी नको आहेत: दुसऱ्यांची उष्टी भांडी आणि दुसऱ्यांचा केर. कष्टाच्या कामात माणूस थकतो, पण त्याची पायरी तीच राहते. उष्ट्या-खरकट्याच्या कामाने घरातली त्याची पायरी ठरते. चाकरीला उभी राहिलेली, जवळ काहीही नसलेली पोर पहिल्याच दिवशी ही रेघ आखते आणि घरधनी ती मान्य करतो. म्हणजे हा तोंडी करार आहे. गावातल्या मुलांना त्यातले सगळे कळते, कारण सालाने गडी ठेवताना काय ठरते आणि काय मोडते, ते त्यांनी घरात ऐकलेले असते.

अट घालणारी आणि अट मोडताच निघून जाणारी स्त्री आपल्या कथांना नवी नाही. गंगेने शंतनूला सांगितले होते, मी काहीही केले तरी विचारायचे नाही. त्याने आठव्या मुलाच्या वेळी विचारले आणि ती गेली. उर्वशीनेही पुरूरव्याला अटी घातल्या होत्या. पंढरपूरची रखुमाई द्वारकेतून रुसून दिंडीरवनात आली, अशी आपली परंपरा सांगते. पण या सगळ्या नायिका राण्या आहेत किंवा अप्सरा आहेत, आणि त्यांचा करार नवऱ्याशी आहे. कळसूचा करार मालकाशी आहे. सह्याद्रीच्या या कोपऱ्यातल्या लोकांनी तीच जुनी चौकट घेतली आणि तिच्यात राणीच्या जागी चाकरी करणारी पोर बसवली. या कथेचे खरे वेगळेपण इथे आहे.

दुसरी गोष्ट तिच्या जाण्याची. अट मोडल्यावर कळसू भांडत नाही, शाप देत नाही, घराला आग लागत नाही, पाऊस पडायचा थांबत नाही. ती आधी सांगितलेले काम पुरे करते. भांडी घासून होतात, केर निघतो, मग ती जाते. ऐकणाऱ्या मुलांना इथे खटकते. त्यांना वाटते, देवी असेल तर तिने शिक्षा करायला हवी होती. डोंगरातल्या शक्तींच्या बऱ्याच कथांत तसे होतेही. चेक आणि पोलंडच्या सीमेवरच्या पर्वतात रिबेत्साल नावाचा एक डोंगराचा धनी आहे. त्याच्या कथा प्रेटोरियस या लेखकाने १६६२ साली छापल्या. त्याला त्याच्या चिडवण्याच्या नावाने हाक मारली तर तो गारपीट आणि वादळ पाठवतो, म्हणून तिकडचे लोक त्याला आदराने ‘डोंगराचा धनी’च म्हणत. कळसूकडे असे हत्यार नाही. ती फक्त त्या घरातून स्वतःला काढून घेते. शिक्षा म्हणायची तर एवढीच की रोज नजर वर केली की घरधन्याला ती दिसते, आणि सबंध महाराष्ट्रात तिच्याहून उंच कोणी नाही.

याच भागात दुसरी सांगणीही आहे. तिच्यात कळसूबाई, रतनाबाई आणि कातराबाई या तिघी बहिणी. रतनाबाई रतनगडावर राहिली, कातराबाईच्या नावाची खिंड रतनगडाकडून हरिश्चंद्रगडाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. काही ठिकाणी कळसू ही गावची सून असते आणि झाडपाल्याची औषधे देऊन लोकांना बरे करते. या सांगण्या एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. तिघी बहिणींची गोष्ट मुलांना मुलखाचा नकाशा देते: कोणत्या डोंगरामागे कोणता डोंगर, कोणती वाट कुठल्या खिंडीतून जाते. चाकरीची गोष्ट वागण्याची रीत सांगते. एकाच घरात, एकाच आठवड्यात दोन्ही ऐकायला मिळू शकतात.

शिखरावर आज कळसूबाईचे छोटे देऊळ आहे. आत जेमतेम दोन-चार माणसे मावतात. बारी गावाकडून चढणाऱ्या वाटेवर उभ्या कड्यांना लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि नवरात्रात आसपासच्या गावांतले लोक त्या चढून बाईच्या दर्शनाला जातात.

या कथेला धोका आहे तो विसरण्याचा आणि त्याहून अधिक सुधारण्याचा. लिहिणारे लोक तिच्यातली खडबडीत जागा गुळगुळीत करतात. कुणी कळसूला पार्वतीचा अवतार करतो, कुणी तिला पाटलाच्या घरी पाठवतो, कुणी अटीचे कारण जोडतो, कुणी शेवटी घरधन्याला पश्चात्ताप करायला लावतो. अशी दुरुस्त केलेली कथा ओळखायला सोपी असते. तिच्यात जागांची नावे नसतात, आणि मुलांना विचारायला काही उरत नाही. मूळ सांगणीत कळसू कोणाची, कुठून आली, अट का घातली, यांतले काहीही सांगितलेले नसते. ती उत्तरे नसल्यामुळेच गोष्ट रात्रीमागून रात्र पुन्हा सांगता येते.

आपल्या गावाच्या डोंगरावरही अशी एखादी बाई किंवा बाबा असेल, तर ती गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडून ती एकदा सबंध ऐका आणि मोबाइलवर आवाज भरून ठेवा. लिहून काढताना त्यांचेच शब्द ठेवा, प्रमाण भाषेत बसवू नका. गोष्टीतल्या प्रत्येक झऱ्याचे, दरीचे, धोंड्याचे नाव विचारा आणि जमले तर दिवसा त्यांच्याबरोबर जाऊन ती जागा पाहा. दुसऱ्या घरात वेगळी सांगणी मिळाली तर दोन्ही वेगवेगळ्या लिहा, त्यांची एक करू नका. आणि कथेत जिथे कारण सांगितलेले नाही, तिथे आपल्या पदरचे कारण घालू नका.