कन्नडमधलं ‘कनिष्ठ 16’: नर्ससाठीच्या सूचना भाषांतरित करताना डोस आणि मर्यादा कशा सांभाळतात?

आधी एक छोटं कोडं. कन्नडमध्ये ‘गरिष्ठ’ म्हणजे काय? आपल्याला वाटेल, पचायला जड. पण तिथे त्याचा अर्थ आहे जास्तीत जास्त, मॅक्सिमम. ‘कनिष्ठ’ म्हणजे ज्युनियर नाही, तर कमीत कमी, मिनिमम. आणि ‘निमिष’ म्हणजे पापणी लवण्याइतका क्षण नाही, पूर्ण एक मिनिट. त्यामुळे कन्नड तक्त्यावर ‘उसिराट निमिषक्के कनिष्ठ 16’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ होतो: श्वास मिनिटाला किमान 16.

मी इंग्रजीतून कन्नडमध्ये आलेल्या नर्सिंगच्या सूचना तपासण्याचं काम करतो. मूळ मार्गदर्शिका इंग्रजीत असते, पण लेबर रूममध्ये घाई असताना नर्सची नजर भिंतीवरच्या कन्नड तक्त्याकडे जाते. त्या तक्त्यात एक शब्द जरी घसरला, तरी डोस बदलू शकतो. हे कसं होतं आणि कसं पकडायचं, ते एकाच उदाहरणावरून पाहूया.

उदाहरण: मॅग्नेशियम सल्फेट

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर काही बायकांचा रक्तदाब खूप वाढतो आणि झटके येतात. याला एक्लॅम्पसिया म्हणतात. त्यावरचं मुख्य औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. हे औषध जीव वाचवतं, पण शरीरात जास्त झालं तर श्वास बंद पाडू शकतं. म्हणून डोस, मर्यादा आणि धोक्याची लक्षणं या तिन्ही गोष्टी एकत्रच लिहिलेल्या असतात. (इथले आकडे भाषांतर समजावण्यासाठी आहेत. हे औषध फक्त प्रशिक्षित कर्मचारीच देतात.)

1. डोस: ‘दोन्ही’ की ‘प्रत्येकी’?

पहिल्या डोसमध्ये स्नायूत द्यायचा भाग असा असतो: प्रत्येक कुल्ल्यात 5 ग्रॅम, म्हणजे एकूण 10 ग्रॅम. 50 टक्के द्रावणाच्या 2 मिलीच्या अँप्यूलमध्ये 1 ग्रॅम औषध असतं. म्हणजे एका बाजूला 5 अँप्यूल, 10 मिली.

आता भाषांतर करणाऱ्याने ‘एरडू’, म्हणजे ‘दोन्ही’, हा शब्द वापरून ‘दोन्ही बाजूंना 5 ग्रॅम’ असं लिहिलं, तर काय समजायचं? प्रत्येकी 5, की दोन्हीकडे मिळून 5? मराठीतही हीच गडबड होते, वाक्य मोठ्याने वाचून बघा. दुसरा अर्थ घेतला तर बाईला अर्धाच डोस मिळेल. शिवाय ‘10’ हा आकडा इथे दोनदा येतो: एकदा एका बाजूचे मिली म्हणून आणि एकदा एकूण ग्रॅम म्हणून. एकक गळलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

उपाय सोपा आहे. ‘प्रति’ (प्रत्येक) हा शब्द ठेवायचा आणि पुढे ‘ओट्टु’ (एकूण) लिहून बेरीजही द्यायची. बेरीज दिली की वाचणारा स्वतःच ताळा करू शकतो. एकक आकड्याला चिकटूनच हवं, पुढच्या ओळीत गेलेलं चालत नाही.

2. मर्यादा: 16 आत की बाहेर?

पुढचा डोस दर 4 तासांनी 5 ग्रॅम, बाजू बदलून. पण तो देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: श्वास मिनिटाला किमान 16, लघवी मागच्या 4 तासांत ताशी किमान 30 मिली, आणि गुडघ्याखाली हातोडीने हलकं ठोकल्यावर पाय उसळायला हवा.

‘किमान’ला बोलीत ‘कडिमे अंदरू’ म्हणतात, अगदी आपल्या ‘कमीत कमी’सारखं. अडचण अशी की ‘कडिमे’ म्हणजेच ‘कमी’. घाईत डोळ्यांना ‘कमी’ आणि ‘16’ एवढंच दिसलं तर अर्थ उलटा होतो. ‘ओळगे’ म्हणजे ‘आत’ हा शब्दही असाच फसवा आहे. ‘16 च्या आत’ म्हटल्यावर 16 धरायचे की नाही? म्हणून तक्त्यात दोनच साचे ठेवायचे: ‘16 किंवा त्याहून जास्त’ आणि ‘16 पेक्षा कमी’. श्वास बरोबर 16 असेल तर काय करायचं, याचं उत्तर दोन्ही वाक्यांतून एकच निघतं.

3. धोक्याची लक्षणं: ‘आणि’ की ‘किंवा’?

मला सर्वात जास्त भीती या चुकीची वाटते. ‘डोस द्या’ या वाक्यात तिन्ही अटी ‘आणि’ने जोडलेल्या असतात: श्वास ठीक आणि लघवी ठीक आणि पाय उसळतो. हेच वाक्य उलटं करून ‘डोस थांबवा’ असं लिहिलं की ‘आणि’चं ‘किंवा’ व्हायलाच हवं: श्वास कमी किंवा लघवी कमी किंवा पाय उसळत नाही. कोडिंग शिकणाऱ्यांना हा नियम माहीत असेल. भाषांतरात मात्र ‘मत्तु’ (आणि) तसंच राहून गेलं, तर नर्स तिन्ही लक्षणं दिसेपर्यंत वाट बघेल. प्रत्यक्षात गुडघ्याची उसळी आधी जाते आणि श्वास त्यानंतर मंदावतो. म्हणजे पहिली सूचना मिळूनही वाया जाईल. त्यामुळे यादीच्या वर ‘यावुदादरू ओंदु’, म्हणजे ‘यापैकी कोणतंही एक’, असं लिहायलाच हवं.

लक्षणांची नावंही पक्की लागतात. ‘मूर्छे’ हा शब्द कन्नडमध्ये झटक्यांसाठीही वापरतात आणि शुद्ध हरपण्यासाठीही. पहिल्या पानावर ‘मूर्छे’, तिसऱ्या पानावर ‘सेळेत’ आणि तक्त्यावर ‘फिट्स’ असं आलं, तर वाचणाऱ्याला तीन वेगळी लक्षणं वाटतील. म्हणून आधी एक शीट बनवायची: इंग्रजी शब्द, ठरलेला कन्नड शब्द आणि न वापरायचे शब्द. झटक्यांसाठी नर्स रोज ‘फिट्स’ म्हणत असतील, तर तोच शब्द सगळीकडे ठेवायचा.

कॉम्प्युटर किती मदत करतो?

आकडे जुळतात का, एवढं पायथॉन पटकन सांगतो. `en` मध्ये इंग्रजी वाक्य आणि `kn` मध्ये कन्नड वाक्य ठेवायचं:

```python
import re

def nums(s):
    found = re.findall(r"\d+(?:\.\d+)?", s)
    return sorted(map(float, found))

print(nums(en) == nums(kn))
```

गंमत म्हणजे इथे `\d` कन्नड अंकही ओळखतो आणि `float` ते वाचतो. तरी तक्त्यात इंग्रजी अंकच बरे, कारण कन्नडमधला एक हा अर्धवट उघडा गोल असतो आणि शून्य पूर्ण गोल. पुसट झेरॉक्सवर दोन्ही सारखेच दिसतात.

आता `sorted` का वापरलं? कन्नडची वाक्यरचना मराठीसारखी असल्याने इंग्रजीतला ‘5 ग्रॅम, दर 4 तासांनी’ हा क्रम तिथे सहज उलटतो. क्रम तपासला तर बरोबर वाक्यंही चूक ठरतील. पण त्याची किंमत मोजावी लागते. कोणी ‘दर 5 तासांनी 4 ग्रॅम’ लिहिलं तरी उत्तर `True` येणार. ‘मत्तु’ आणि ‘अथवा’ यांतला फरकही या कोडला कळत नाही.

म्हणून शेवटची तपासणी माणूसच करतो, तीही दोन टप्प्यांत. आधी, मूळ इंग्रजी न पाहिलेली व्यक्ती कन्नड मजकुराचं परत इंग्रजी करते आणि आम्ही दोन्ही शेजारी ठेवून वाचतो. मग ड्युटीवरच्या नर्सच्या हातात तक्ता देऊन विचारतो: “श्वास 14 आहे, लघवी ठीक आहे, पाय उसळतो. पुढचा डोस द्याल?” उत्तर ‘नाही’ यायला हवं, आणि तिने तक्त्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवून ते सांगायला हवं. ती अडखळली तर आम्ही तिला समजावत बसत नाही. ती ओळ पुन्हा लिहितो.