फी भरण्याआधी कंपनीची ओळख

कोचिंग क्लासच्या फलकावर असते ते व्यापारी नाव, तर फी घेणारी कायदेशीर संस्था बहुधा वेगळ्याच नावाची असते. म्हणून पडताळणीची सुरुवात फलकापासून नव्हे, पावतीपासून करावी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीच्या पत्रांवर आणि बिलांवर तिचे नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन हा ओळख क्रमांक छापणे बंधनकारक आहे. फी भरण्याआधीच कोऱ्या पावतीचा नमुना मागितला, तर ही माहिती हाती येते.

समजा, लातूरच्या एका नीट क्लासने दोन वर्षांची फी एकरकमी मागितली आहे. पावतीवरचा सीआयएन २१ अक्षर-अंकांचा असतो. त्यातील `MH` म्हणजे महाराष्ट्रात नोंदणी, त्यापुढचे चार अंक म्हणजे स्थापनेचे वर्ष आणि `PTC` म्हणजे खासगी कंपनी. ‘वीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या क्लासच्या क्रमांकात 2023 दिसले, तर जुनी संस्था कोणती आणि ती का बदलली, हे विचारायलाच हवे. उत्तर सरळही असू शकते. मालकाने आधी स्वतःच्या नावावर क्लास चालवून नंतर कंपनी काढलेली असते.

पुढची पायरी म्हणजे mca.gov.in या संकेतस्थळावरील कंपनीचा मास्टर डेटा. तो पाहायला पैसे लागत नाहीत. त्यात कंपनी चालू आहे की नोंदवहीतून काढून टाकलेली, तिचे भरणा झालेले भांडवल किती आणि संचालक कोण, हे दिसते. सर्वांत बोलकी असते शेवटच्या ताळेबंदाची तारीख. ती दोन-तीन वर्षे मागे अडकली असेल, तर कंपनी हिशेब दाखल करत नाही. अशा वेळी एकरकमी फी देणे धोक्याचे.

संचालक म्हणजे मालक असे मात्र नाही. कधी पगारी माणूस वा नातेवाईक संचालक असतो आणि पैसा दुसऱ्याचा. खरे प्रवर्तक शोधायला स्थापनेच्या वेळचे मेमोरँडम आणि वार्षिक विवरणासोबतची भागधारकांची यादी पाहावी लागते. ही कागदपत्रे त्याच संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून उघडता येतात.

पावतीवर जीएसटी क्रमांक असेल, तर तो gst.gov.in वर लॉगिनशिवाय तपासता येतो. तिथले कायदेशीर नाव, पावतीवरचे नाव आणि फी जमा होणाऱ्या बँक खात्याचे नाव एकच असायला हवे. खाते एखाद्या व्यक्तीच्या नावावर निघाले, तर पैसे कंपनीकडे गेलेच नाहीत, असा बचाव उद्या होऊ शकतो.

क्लास कंपनी नसून एका व्यक्तीचा असेल, तर या मास्टर डेटात काहीच सापडणार नाही. तो गुन्हा नव्हे. अशा क्लासच्या देण्याला ती व्यक्ती स्वतः जबाबदार असते, म्हणून पावतीवर तिचे पूर्ण नाव, पत्ता आणि सही घ्यावी.