फाळक्यावरची शायरी

ट्रकच्या मागच्या फाळक्यावर दोन तऱ्हेचा मजकूर असतो. एक कामाचा: गाडीचा नंबर, परमिटची माहिती, ‘हॉर्न ओके प्लीज’. यातल्या हॉर्नच्या विनंतीवर महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं 2015 मध्ये बंदी आणली, कारण ती वाचून लोक उगाचच हॉर्न वाजवतात असं विभागाचं म्हणणं होतं. दुसरा मजकूर हौसेचा. त्यात यमक जुळवलेल्या दोन ओळी असतात, त्याही बहुतेक हिंदीत, कारण गाडी अनेक राज्यांतून फिरते. लोक हसतात, मोबाइलवर फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात. पण या ओळींतली गंमत नेमकी कशी जमते, हे त्या उलगडल्यावरच कळतं.

सगळ्यांच्या ओळखीची एक ओळ घेऊ. ‘धीरे चलोगे तो बार-बार मिलोगे, तेज़ चलोगे तो हरिद्वार मिलोगे.’ म्हणजे हळू जाल तर पुन्हा पुन्हा भेट होईल, सुसाट जाल तर हरिद्वारला भेटाल. हरिद्वार हे तीर्थक्षेत्र, मग तिथं भेटण्यात वाईट काय? वाईट हे, की उत्तरेकडे अस्थिविसर्जनासाठी हरिद्वारला जातात. तिथं तुम्ही भेटाल ते कलशात. मृत्यूचं नावही न घेता धमकी दिलेली आहे आणि ती तीर्थयात्रेच्या निमंत्रणासारखी वाटते, म्हणून हसू येतं.

या ओळीची बांधणीही पाहा. गझलेत शेवटी तोच शब्द पुन्हा येतो, त्याला रदीफ म्हणतात, आणि त्याच्या आधी यमक येतं, तो काफिया. इथं ‘मिलोगे’ हा रदीफ आणि ‘बार’ला ‘द्वार’ हा काफिया. पहिल्या अर्ध्या ओळीत ‘मिलोगे’ म्हणजे जिवंतपणीची भेट, दुसऱ्या अर्ध्यात तोच शब्द मरणानंतरची. मराठीत ‘हळू हाकाल तर वारंवार भेटाल, सुसाट हाकाल तर हरिद्वारला भेटाल’ असं म्हटलं तर यमक बऱ्यापैकी टिकतं. अर्थ आपल्याकडे अधिक लागावा असं वाटत असेल, तर हरिद्वारऐवजी नाशिकचं रामकुंड म्हणावं लागेल, पण मग यमक हातचं जाईल.

काही ओळी आशीर्वाद देतात असं वाटतं. ‘बुरी नज़र वाले, तेरे बच्चे जिएँ, बड़े होकर तेरा ख़ून पिएँ.’ अरे वाईट नजरेच्या माणसा, तुझी पोरं जगोत, आणि मोठी होऊन तुझंच रक्त पिवोत. नजर लावणाऱ्याचं ‘तोंड काळं’ करणारी मूळ ओळ सरळ शाप देते. इथं मात्र ‘जिएँ’पर्यंत वाचणाऱ्याला दुवा मिळते आणि ‘पिएँ’ला ती उलटते. मराठीतही आपण ‘पोरांनी रक्त आटवलं’ म्हणतोच. म्हणजे शाप राक्षसी नाही, घरोघरच्या तक्रारीचा आहे.

काही ओळींत हसता हसता दुखणं बाहेर येतं. ‘कीचड़ में पैर रखोगी तो धोना पड़ेगा, ड्राइवर से शादी करोगी तो रोना पड़ेगा.’ चिखलात पाय ठेवशील तर धुवावा लागेल, ड्रायव्हरशी लग्न करशील तर रडावं लागेल. ड्रायव्हर स्वतःलाच चिखलाच्या पंक्तीला बसवतो, ही वरवरची गंमत. लांब पल्ल्याची खेप घेतली की घर दिवसेंदिवस दिसत नाही, हे तिच्या मागचं खरं. मराठी भाषांतरात ‘धोना–रोना’ची जोडी मोडते आणि उरतो तो नुसता सल्ला. हसू यमकातच होतं, हे तेव्हा ध्यानात येतं.

मराठीतली सगळ्यांत गाजलेली ओळ मात्र जागेच्या जोरावर उभी आहे. ‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं.’ हीच ओळ गाडीच्या पुढच्या काचेवर लिहिली तर तिला अर्थच उरणार नाही. ती मागे लिहिलेली असते, म्हणून गाडी पुढे निघून गेल्यावरच ती वाचता येते, आणि वाचणारा त्या क्षणी खरोखरच मागे पडलेला आणि चिडलेला असतो. ‘दम है तो क्रॉस कर, नहीं तो बर्दाश्त कर’ हीसुद्धा तशीच. दम असेल तर पुढे जा, नाहीतर सोस. घाटात मालट्रकमागे अडकलेल्याला दुसरा पर्याय नसतो, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून या ओळींचा फोटो काढताना पूर्ण फाळका चौकटीत घ्या. ओळीचा एक अर्धा डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला किंवा बंपरवर असू शकतो, आणि कलाटणी त्या दुसऱ्या अर्ध्यात असते. निम्मा फोटो म्हणजे निम्मा विनोद. फोटो ढाब्यावर किंवा टोलनाक्यावर गाडी उभी असताना काढा, आणि पुढे पाठवण्यापूर्वी नंबर झाका. चालत्या गाडीतून काढायचाच असेल, तर तो शेजारी बसलेल्याला काढू द्या. स्टिअरिंग धरून ही शायरी टिपायला जाणाऱ्याला हरिद्वारची ओळ तंतोतंत लागू पडते.